ओळखीचा पेपर

टिपणीस सरांना किळस फार लवकर यायची. हॉटेलातल्या कपाच्या कडेला जुना चहा दिसला की यायची, कुणी बोटाला थुंकी लावून पान उलटलं की यायची, आणि 'आजच्या आधुनिक युगात' अशी सुरुवात केलेला इंग्रजी निबंध हातात पडला की तर थेट पोटातूनच यायची. पनवेलच्या मच्छी बाजारात ते प्रत्येक माशाचा कल्ला उघडून बघत. कोळणी वैतागत, पण ठमाबाई उरणजवळच्या मोऱ्याहून येऊन बसली असली की ती हसून म्हणायची, "बघा सर, बघा, आतलं पन बघा."

चारुदत्त टिपणीस नाव. वडील मामलेदार कचेरीत, घर पनवेलातच, शिक्षण मुंबईत आणि नोकरी पुन्हा पनवेलात, ज्युनिअर कॉलेजात इंग्रजीची. वीस-बावीस वर्षं त्यांनी लाल शाईनं पोरांच्या वह्या रक्तबंबाळ केल्या. क्रियापदाचा एस राहिला, कापा. 'द' विसरला, कापा. पोरगं काय म्हणतंय ते वाचायला सरांना सवडच नसायची, कारण चुका मोजण्यात दम निघून जायचा. हे त्यांना स्वतःला कधी खटकलं नाही. सगळेच असं तपासत, आणि सगळेच करतात ते चूक असू शकतं हे पनवेलात कुणाच्या डोक्यात येत नसे.

मग एकोणीसशे नव्वदच्या सुमाराला पुण्यात एक प्रशिक्षण झालं. परक्या भाषेत लिहिणाऱ्यांचं लेखन कसं तपासायचं, यावर. तिथं सरांच्या हातात एक मोठा तक्ता आला. वरून खाली नऊ ते एक असे बँड, म्हणजे पातळ्या, आणि आडवे चार खण: प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी सलग आहे का, शब्द किती आणि कसे वापरलेत, आणि व्याकरण. प्रत्येक चौकटीत दोन-तीन ओळींत लिहिलेलं, की या बँडचा माणूस काय करू शकतो. काय करू शकत नाही हे नंतर. आणि कडक नियम असा की चारही खण वेगवेगळे द्यायचे. व्याकरण पडकं म्हणून प्रश्नाचं उत्तरही पडकं, असं धरायचं नाही. एकाच कागदाला सात आणि चार शेजारी शेजारी मिळू शकतात.

सर त्या तक्त्याच्या प्रेमातच पडले. बायको, शकू, म्हणायची, "देवापुढं बसत नाहीत इतका वेळ त्या कागदापुढं बसतात." तक्त्यानं त्यांना पहिल्यांदाच चुकांच्या पलीकडं माणूस बोलत असतो हे दाखवलं. आणि त्याबरोबर एक नवीन किळसही दिली: जे लोक एक नजर टाकून, अक्षर बघून, चारही खणांत एकच आकडा ओढतात त्यांची.

असे लोक त्यांना रोज भेटायचे, कारण पनवेलच्या केंद्रावर ते मुख्य परीक्षक होते. केंद्र म्हणजे लाईन आळीतल्या कापडाच्या दुकानावरचा माळा. चालक प्रभाकर सामंत, हसरा, गुबगुबीत, बोटाला थुंकी लावून उत्तरपत्रिका उलटणारा. खाली स्वतःचा इंग्रजीचा क्लास, वर परीक्षेचं केंद्र. तळं राखील तो पाणी चाखील, आणि सामंतांनी तर तळ्याच्या काठावरच घर बांधलं होतं.

त्या वर्षी उरणकडच्या नव्या बंदराच्या बाजूला एका कंटेनर यार्डात कारकून भरायचे होते. कुठला डबा आला, कुठला गेला, कुठला फुटला, याचे अहवाल इंग्रजीत लिहायला लागायचे. कंपनीनं लेखी परीक्षेचं काम सामंतांना दिलं. पाच बँड किंवा वर, तो घेतला. खाली, तो गेला. ज्यांच्या वाटेत बंदर आलं होतं त्या गावांतली कितीतरी पोरं बसली. क्लासची पोरंही बसली.

परीक्षेच्या दोन-चार दिवस आधी ठमाबाईनं सरांच्या पिशवीत मांदेली घालता घालता सांगितलं, "सर, माजी निशा बसलीय तुमच्या परीक्षेला. बारावी झाली, घरात हाय. तिचा बाप बोलतो लगीन करू. मी बोलली, थांब, ही नोकरी लागली त नाय करायचं."

"आणि नाही लागली तर?"

"त फागुनात करील तो. पोरगा बघून ठेवलाय, मुंबईला ससून डॉकला. पोर रडते." मग तिनं डोळे बारीक केले. "पेपर तुमीच तपासता नं?"

सर ताठ झाले. "ठमाबाई, पेपरावर नाव नसतं. नुसता नंबर असतो. कुणाचा कुठला ते आम्हाला कळत नाही. आणि कळला तर आम्ही तो हातात धरत नाही."

यातलं शेवटचं वाक्य बाजाराच्या गलक्यात बुडालं असावं. ठमाबाईनं मान डोलावली आणि वर चार मांदेली जास्त टाकली. सरांनी ती परत काढून टोपलीत ठेवली. तिला वाईट वाटलं असेल, पण सरांना आपण फार बरोबर वागलो असं वाटलं, आणि घरी जाईपर्यंत ते त्याच चवीत होते.

प्रश्न असा आला होता: काही लोक म्हणतात माणसानं आपल्या गावातच काम करावं, काही म्हणतात दूर जावं. दोन्ही बाजू मांडा आणि तुमचं मत सांगा. कमीत कमी अडीचशे शब्द.

तपासणीला दोघं जण होते. नीता कर्णिक, शाळेत शिकवणारी, सावकाश वाचणारी, ओठ हलवत वाचणारी. आणि विश्वजीत, मुंबईच्या इंग्रजी शाळेतून आलेला, सामंतांच्या क्लासवर शिकवणारा तरुण, जो उत्तरपत्रिका पत्ते पिसल्यासारख्या पिसायचा. प्रत्येक पेपर दोघांनी तपासायचा, एकमेकांचे आकडे न बघता. दोघांत एका बँडपेक्षा जास्त फरक पडला तर पेपर मुख्य परीक्षकाकडं, आणि त्याचा आकडा अखेरचा.

फरकाचे पेपर सरांच्या टेबलावर आले तेव्हा त्यावर वेफर्सचा चुरा होता. एका पानावर तेलाचं बोट उमटलेलं. सरांनी रुमालानं चुरा झाडला, आणि पहिला पेपर उघडला.

'आजच्या आधुनिक युगात.'

दुसरा उघडला. 'आजच्या आधुनिक युगात.' तिसरा. चौथा. असे अकरा पेपर निघाले, शब्दन् शब्द तेच. नाण्याला दोन बाजू असतात, इथपासून शहरातलं दूषित वारं आणि खेड्यातली निर्मळ हवा, इथपर्यंत. इंग्रजी सफाईदार, मोठमोठे शब्द, एकही एस हरवलेला नाही. शहरी जीवनाचे फायदे-तोटे या विषयावरचा कुणीतरी लिहून दिलेला निबंध होता तो, घोकलेला. विचारलेल्या प्रश्नाचा त्याच्याशी संबंध इतकाच की शेवटी प्रत्येकानं एकेक वाक्य स्वतःच्या मनानं जोडलं होतं, 'म्हणून गावात काम करावं की जावं ते आपण ठरवावं', आणि त्या एका वाक्यात मात्र एस, द, आणि क्रियापदाचा काळ, तिघंही पडले होते.

सरांच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. हे म्हणजे शिळा मासा बर्फात घालून वर लाल रंग मारून विकण्यापैकी. नियम स्पष्ट होता. पाठ केलेला मजकूर ही परीक्षार्थीची भाषा नाही. ती बाजूला काढायची आणि उरेल त्याला बँड द्यायचा. उरत होतं एक वाक्य. विश्वजीतनं अकराही जणांना सात दिले होते, चारही खणांत. नीतानं घोकंपट्टी ओळखली होती, पण भीतभीत. तिनं चार दिले होते. सरांनी तीन दिले आणि समासात लिहिलं: 'पाठ केलेला. प्रश्नाचं उत्तर नाही. सामंतांच्या क्लासचा निबंध.' कुठल्या क्लासचा ते त्यांना माहीत होतं, कारण गेल्या मे महिन्यात त्याच क्लासवर त्यांनी व्याकरण शिकवलं होतं आणि तेव्हा सामंतांनीच तो निबंध पोरांना फळ्यावर लिहून दिलेला त्यांनी पाहिला होता.

मग सत्तेचाळीस नंबर.

विश्वजीतचे आकडे: तीन, तीन, तीन, तीन. नीताचे: सात, सहा, पाच, चार. सरांना विश्वजीतच्या चार तिनांकडं बघूनच कळलं की यानं पहिल्या ओळीतली चूक पाहिली आणि पेन टेकवलं. अक्षर गिचमिड होतं. पहिल्याच वाक्यात आई 'जाते' ऐवजी आई 'जा' झाली होती.

पण सर वाचू लागले आणि वाचतच गेले. पोरीनं लिहिलं होतं की जे म्हणतात गावात राहा, त्यांचं खरं आहे, कारण गावात पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं हे माणसाला विचारावं लागत नाही. पण माझ्या बापाला आता गावापुढच्या पाण्यात मासा मिळत नाही, मोठी जहाजं आल्यापासून तो लांब जातो, म्हणजे तो गावात राहूनही गावात नाही. दुसऱ्या परिच्छेदात दुसरी बाजू. जे दूर जातात त्यांना पगार मिळतो, पण माझा काका दुबईला गेला आणि आजीच्या मयताला पोचला नाही. तिसऱ्यात मत. माझी आई रोज सकाळी मोऱ्याहून एसटीनं बाहेर जाते आणि संध्याकाळी घरी येते. मला वाटतं काम तेच चांगलं जे सकाळी तुला बाहेर नेतं आणि संध्याकाळी परत आणतं. जे परत आणत नाही ते काम नाही, ती पाठवणी आहे. पाठवणीला नेमका शब्द तिला सुचला नव्हता, तिनं 'मुलीला लग्नात देऊन टाकतात तसं' असं लांबलचक लिहिलं होतं, आणि ते तिथं शब्दापेक्षा जास्त बसलं होतं.

व्याकरण चारच. काळ घसरलेले, एस हरवलेले, जोडवाक्य करायला गेली की तोल जायचा, दोन ठिकाणी अर्थ लावायला थांबावं लागलं. शब्द पाच, समुद्राचे अचूक, बाकीचे बेताचे. मांडणी सहा. उत्तर सात, कारण दोन्ही बाजू होत्या, मत होतं, आणि ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत तिचं होतं. साडेपाच. नीता बरोबर होती. ज्या पेपरासाठी हा तक्ता बनवला गेला असावा असा हा पेपर होता, आणि इतक्या वर्षांत तो सरांच्या हातात आज आला होता.

शेवटून दुसऱ्या वाक्यात ती म्हणत होती: माझी आई पनवेलच्या बाजारात एका इंग्रजीच्या सरांना मासे विकते, ते प्रत्येक माशाच्या आत बघतात, कुणावर विश्वास ठेवत नाहीत, तरी आई त्यांच्यासाठी चांगला मासा बाजूला ठेवते.

सरांचं पेन थांबलं. मोरा कळल्यापासूनच मनात चुकचुकत होतं, पण आता शंकेला वाव उरला नव्हता. ही ठमाबाईची निशा. आणि नियम पुण्यात अगदी ठासून सांगितला होता: परीक्षार्थी ओळखला गेला, नात्यातला असो की नुसता तोंडओळखीचा, तर पेपर खाली ठेवायचा, केंद्रचालकाला सांगायचं, बँड द्यायचा नाही.

ते पेपर घेऊन सामंतांच्या खोलीत गेले. सरांनी तपासून पाठवलेले ते अकरा पेपर सामंतांपुढं आधीच पोचले होते. ते अंगठा आणि तर्जनी चाटून एकेक पान उलटत होते.

"सर, बसा. हे काय हो? तीन? पोरांचं इंग्रजी बघा, मडमेसारखं आहे."

"त्यांचं नाही ते. तुमचं आहे."

सामंत हसले. त्यांना राग येत नसे, हीच त्यांच्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. "माझं म्हणा. पण आईबापांनी माझ्याकडं विश्वासानं पाठवलंय. बरं, ते राहू दे. हातात काय आहे? सत्तेचाळीस? साडेपाच आणि तीन. तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून उपयोग नाही. मुलगी माझ्या ओळखीची निघाली. मी हा तपासू शकत नाही. पुण्याला पाठवा, तिथला कुणीतरी बघेल."

सामंतांनी पेपर घेतला, चाटलेल्या बोटानं उलटला, माशाच्या वाक्यापाशी थांबले आणि खदाखदा हसले. मग खुर्ची पुढं ओढली.

"सर, आपण शहाणी माणसं. तुम्ही याला साडेपाच द्या. मी विचारणार नाही ओळखीचं आहे का. तुम्ही या अकरांकडं जरा मायेनं बघा. तिनाचे पाच. तुमची एक पोरगी, माझी अकरा पोरं. कुणाचं नुकसान?"

टिपणीस सरांना अंगावर पाल पडावी तसं झालं. ते म्हणाले, "सामंत, मासे विकणाऱ्या बायकाही एवढं करत नाहीत. मी अकरांचे तीन बदलणार नाही. आणि सत्तेचाळीसवर मी आकडा घालणार नाही. मी ओळखलंय, आणि ते मी लिहून देतो."

त्यांनी तिथंच लिहून दिलं. सुंदर अक्षरात. सामंतांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या तोंडावर जे आलं त्याला समाधान म्हणतात.

"फार चांगलं केलंत. आता असं बघा. पुण्याला पाठवायला वेळ नाही, उद्या यादी कंपनीला जायची. मुख्य परीक्षक बाजूला झाला तर पहिल्या दोघांची सरासरी धरायची, असं कंपनीच्या करारात आहे. सत्तेचाळीसचे साडेपाच आणि तीन. सव्वाचार. गेली बिचारी." मग त्यांनी अकरांचा गठ्ठा पुढं सरकवला. "आणि हे. तुम्हीच समासात लिहिलंय की हा माझ्या क्लासचा निबंध. त्या क्लासला मे महिन्यात तुम्ही शिकवलंत. म्हणजे हे तुमचे विद्यार्थी. म्हणजे तुम्ही ओळखलंत. नियम तोच ना, सर? तुमचाच? मग इथंही तुम्ही बाजूला. सात आणि चार, सरासरी साडेपाच. पास."

"मी निबंध ओळखला. पोरं नाही."

"ते तुम्ही ठरवणार का? मघाशी पोरगी कशी ओळखलीत, निबंधावरूनच ना?"

ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या वाक्यातली चूक काढली त्याला सामंतांच्या वाक्यात चूक सापडेना, कारण चूक वाक्यात नव्हती, माणसात होती.

"मी यातला एकही आकडा बदललेला नाही," सामंत म्हणाले. "तुम्ही साक्षी आहात."

सर उठले, दारापर्यंत गेले, परत आले. "सत्तेचाळीस नीताचा बरोबर आहे. विश्वजीतनं वाचलेलाही नाही तो. चार तीन बघा ना, चार खणांना एकच आकडा. असा माणूसच नसतो."

"पटतंय मला. मग तुम्ही तपासा. हा तुमचा कागद मी फाडतो, आणि तुम्ही एका ओळीत लिहून द्या की परीक्षार्थी ओळखीचा नाही. साडेपाच घाला. पोरगी पास. अकरांचं मग सरासरीनं होऊ दे, त्यावर तुम्ही काही बोलू नका." सामंतांनी कोरा कागद पुढं केला. "एकच ओळ, सर."

सरांनी कागदाकडं पाहिलं. परीक्षार्थी ओळखीचा नाही. ते पेनाचं टोपण काढेपर्यंत आले होते. पोरगी डोळ्यांपुढं नव्हती, ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. डोळ्यांपुढं होतं ते ससून डॉकचं स्थळ आणि फाल्गुन. पण मग सामंतांचं थुंकीनं चमकणारं बोट दिसलं, कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलेलं, आणि सरांना वाटलं की आपण ही ओळ लिहिली तर उद्यापासून आपणही या बोटाचे. खोटं ते खोटं. त्यांनी टोपण परत लावलं.

"मी खोटं लिहीत नाही," ते म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

घरी येऊन त्यांनी साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले. शकूला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे त्या पोरीचं लग्न होणार?"

"मी नियम मोडायचा होता का?"

"मी असं कुठं म्हटलं," शकू म्हणाली. "मी विचारलं, लग्न होणार का."

यादी लागली. अकराही होते. विश्वजीत पेढे घेऊन सगळ्यांच्या टेबलांपाशी फिरला, सरांच्याही. नीतानं पेढा हातात धरून ठेवला आणि कुणी बघत नसताना खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिला. सरांनी त्याच दिवशी केंद्राचं काम सोडलं. राजीनाम्यात कारण दिलं, प्रकृती. त्यांना वाटलं होतं की सोडल्यावर बरं वाटेल. मळमळ काही गेली नाही. उलट रोज सकाळी पेपरवाला यायच्या आधी त्यांना तो अहवालांचा ढीग दिसायचा, अकरा पोरांनी लिहिलेला, आजच्या आधुनिक युगात एक कंटेनर फुटला आहे.

मच्छी बाजारात जायचं त्यांनी टाळलं. शकू स्वतः जाऊन आणायची. पण पौष संपता संपता शकू माहेरी गेली, आणि रविवारी सरांना जावंच लागलं. त्यांनी दुसऱ्या दारानं आत जायचं ठरवलं होतं. ठमाबाईनं आपल्या ओट्यावरूनच हाक मारली.

"सर, किती दिस झालं. आजारी व्हता?"

"हो, जरा."

"करली घ्या. बगा, आत बगा." तिनं स्वतःच कल्ला उघडून दाखवला. सरांनी मान फिरवली आणि नुसतं "द्या" म्हणाले.

ती मासा कापू लागली. राग नव्हता तिच्या आवाजात, तेच वाईट होतं. "निशाचा झाला नाय. कललं असंल तुमाला."

"कळलं."

"सुपारी फोडली. फागुनात हाय. पोरगा बरा हाय म्हनतात, जरा पितो." कोयता खाली आला, मासा दोन तुकडे झाला. "सर, एक विचारू? राग नका येऊ देऊ."

"विचारा."

"मी निशाला बोलली व्हती, तू आयशीचं लिव. टोपलीचं लिव. सरांचं पन लिव, ते मासं कसं बगतात ते. ती बोलली, आये, मला जे सुचंल ते लिहीन. मी बोलली, अगं येडे, तुज्या नावाची चिठ्ठी कुटं लावायची त्या पेपराला? नंबर असतो नुस्ता. सरांचं लिवलं का सरांना कलंल का ही ठमाबाईची पोर, मंग ते नीट बगतील. आमाला काय फुकट नको व्हतं. नीट बगितला असता, यवढाच." तिनं तुकडे पानात गुंडाळले, वर बघितलं. "तिनं लिवलं व्हतं सर. मला वाचून दावलं घरी, जसं आटवलं तसं. तुमी वलखला नाय का तिचा पेपर?"

बाजारात माणसं ये-जा करत होती. कुणीतरी बादलीभर पाणी ओट्यावर ओतलं आणि ते सरांच्या चपलांखालून गेलं. एक शब्द बोलायचा होता, हो. हो, ओळखला. ओळखला म्हणून बाजूला ठेवला. तुझ्या पोरीनं साडेपाचचा पेपर लिहिला होता, ठमाबाई, आणि मी हात धुतले.

"नाही," टिपणीस सर म्हणाले. "नाही ओळखला."

ठमाबाईनं मान हलवली. "मंग तुमी तरी काय करनार," ती म्हणाली, आणि पुडा त्यांच्या पिशवीत ठेवला.

सर बाजाराबाहेर आले तेव्हा त्यांना कळलं की आपण काय बोललो. तेच वाक्य. सामंतांच्या कोऱ्या कागदावर निशासाठी जी एक ओळ त्यांच्या हातून लिहवली नव्हती, ती त्यांनी आता स्वतःसाठी, विचारल्याबरोबर, न अडखळता बोलून टाकली होती. वडाळे तळ्याच्या भिंतीपाशी ते वाकले आणि त्यांना ओकारी आली. नुसतं पाणी पडलं. येणारेजाणारे म्हणाले, सरांना ऊन लागलं असेल.